बाणाचं टोक कुठे थांबवायचं

कापसाचा सीझन चालू झाला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून स्क्रीनशॉट पडायला लागतात. मी जळगावात एका जिनिंगच्या ऑफिसात हिशोब बघते. आमची खरेदी पारोळा, अमळनेर, धरणगाव अशी चालते, आणि प्रत्येक ठिकाणी वजनकाट्याच्या खोलीत एक मुलगा कॉम्प्युटरवर बसलेला असतो. बाहेर ट्रॅक्टर, पिकअप लाईनीत उभे, शेतकरी पावतीसाठी दारात, आणि त्यात एक्सेलमध्ये काही अडलं की तो स्क्रीनचा फोटो काढतो, त्यावर लाल गोल मारतो आणि मला पाठवून देतो. खाली एकच ओळ, "ताई हे बघा ना". फोनवर अर्धा तास बोलत बसण्यापेक्षा हे कधीही बरं, त्यामुळे माझी त्याला ना नाहीच. पण त्या लाल गोलाबद्दल मला खूप काही म्हणायचंय, कारण दहातल्या बहुतेक वेळा तो गोल मला आधीच दिसत असलेल्या गोष्टीभोवती असतो, आणि जे बघायला हवं ते चित्रातून कापलेलं असतं.

पारोळ्याचंच उदाहरण घेते, म्हणजे नीट कळेल.

तिथली शीट साधी आहे. A कॉलममध्ये शेतकऱ्याचा कोड, B मध्ये नाव, C मध्ये वजन क्विंटलमध्ये, D मध्ये भाव, E मध्ये रक्कम. नाव हाताने टाकायचं नाही, ते दुसऱ्या शीटवरून आपोआप येतं, त्या शीटचं नाव Master, तिच्यात सगळ्या शेतकऱ्यांचे कोड, नावं, गाव आणि बँकेचा खाते नंबर. B मधला फॉर्म्युला असा:

```
=VLOOKUP(A7,Master!A:D,2,FALSE)
```

म्हणजे A7 मधला कोड Master मध्ये शोध, सापडला की त्याच्या शेजारचं नाव आण. एके दिवशी दुपारी तिथल्या मुलाचा फोटो आला. त्याने फक्त नावाच्या कॉलमचा तुकडा कापला होता, पाच नावं बरोबर आणि सातव्या ओळीपासून खाली सगळीकडे #N/A. त्यावर लाल पेनने तीन वेळा गोल, दोन जाड बाण, आणि बाण इतके जाड की एकाच्या खाली वजनाचे आकडे गेले. मागोमाग फोन. "ताई, समदं बराबर शे, तरी बी नाव येत नही."

आता #N/A चा अर्थ एवढाच की शोधलं आणि सापडलं नाही. का सापडलं नाही ते तो सांगत नाही. कोड Master मध्ये नसेल, फॉर्म्युला खाली ओढताना चुकीचा झाला असेल, कोडच्या पुढेमागे स्पेस असेल, किंवा कोड दिसायला नंबर पण एक्सेलच्या लेखी टेक्स्ट असेल. ह्या चारही कारणांना चित्र एकच येतं, ते म्हणजे #N/A. त्याच्याभोवती शंभर गोल मारले तरी माझ्यापर्यंत नवीन काहीच पोचत नाही. पोरगं बिचारं जीव तोडून दाखवत होतं, आणि मी इकडे ते चित्र बोटांनी मोठं करून करून बघतेय, पण त्याच्यात कोडच नाही, फॉर्म्युला नाही, ओळीचा नंबरसुद्धा नाही.

मी त्याला म्हटलं, बाळा, गोल पुसून टाक सगळे. आधी B7 वर एकदा क्लिक कर, मग पूर्ण एक्सेलच्या खिडकीचा फोटो काढ, वरच्या पट्टीसकट, आणि एकच बाण लाव.

हे "आधी क्लिक कर" फार महत्त्वाचं आहे आणि ते कोणी सांगत नाही. एक्सेलच्या वरच्या पांढऱ्या पट्टीत, फॉर्म्युला बारमध्ये, फक्त निवडलेल्या सेलचा फॉर्म्युला दिसतो. कर्सर भलतीकडेच असेल तर फोटोत भलताच फॉर्म्युला येणार, आणि समोरचा माणूस तोच खरा धरून डोकं खाजवत बसणार. सेलवर क्लिक केलं की दोन गोष्टी फुकटात मिळतात, डाव्या कोपऱ्यात B7 हा पत्ता आणि पट्टीत त्याचा फॉर्म्युला. सेलभोवती हिरवी चौकटही येते, म्हणजे अर्धा बाण एक्सेलनेच काढून दिला. मग वरची A, B, C ही अक्षरं आणि डावीकडचे ओळींचे नंबर कापायचे नाहीत. ते असले की मी उत्तरात "A7 बघ" म्हणू शकते, नाहीतर "वरून सातवी, नाही नाही, हेडिंग सोडून" असलं सुरू होतं.

दुसरा फोटो आला आणि मला उत्तर दिसायला मिनिटभरही लागलं नाही. A कॉलममध्ये दोन ते सहा ओळींचे कोड उजवीकडे चिकटलेले, आणि सातपासून खालचे सगळे डावीकडे. शिवाय डावीकडच्या प्रत्येक सेलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा त्रिकोण. एक्सेल स्वतःहून नंबर उजवीकडे लावतं आणि टेक्स्ट डावीकडे, आणि नंबर टेक्स्ट म्हणून भरला असेल तर तो हिरवा त्रिकोण टाकून खुणावतं. सहापर्यंतच्या ओळी त्याने हाताने टाईप केल्या होत्या, पुढच्या काट्याच्या सॉफ्टवेअरमधून कॉपी पेस्ट, आणि ते सॉफ्टवेअर कोड टेक्स्ट म्हणून देतं. Master मध्ये 1042 हा नंबर आहे, इथे 1042 हे टेक्स्ट, आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, VLOOKUP ला नाही. तर बघा, बिघाड दिसत होता B मध्ये आणि कारण होतं A मध्ये, आणि पहिल्या फोटोत A च कापला गेला होता. म्हणून माझा आग्रह असतो की बाण जिथे दुखतंय तिथे लावा, हरकत नाही, पण फोटो मात्र त्या सेलला ज्या ज्या सेलवरून माहिती येते ते सगळे दिसतील एवढा ठेवा. फॉर्म्युल्यात A7 लिहिलंय ना, मग A7 फोटोत पाहिजेच.

उत्तर देताना मीही त्याच्याच फोटोवर खुणा करून पाठवलं. इथे बाणापेक्षा आकडे बरे पडतात. A7 जवळ 1 लिहिलं, "इथून खाली शेवटपर्यंत सिलेक्ट कर". बाजूला जी पिवळी उद्गारचिन्हाची खूण येते तिथे 2, "ह्यावर क्लिक करून Convert to Number". तीन बाण लावले असते तर आधी कोणता हे त्याला कळलं नसतं, आकडा लावला की क्रम आपोआप कळतो. त्याने केलं आणि नावं धडाधड आली. ओळी हजारोंनी असल्या तर तो रस्ता कधी कधी हळू चालतो, मग कॉलम सिलेक्ट करून Data मध्ये Text to Columns घ्यायचं आणि काही न बदलता सरळ Finish दाबायचं, तेही टेक्स्टचे नंबर करून देतं. फक्त कोडच्या पुढे शून्य असेल, 0042 वगैरे, तर ते शून्य जातं, तेवढं बघून घ्यावं.

आता बाण काढण्याबद्दल. विंडोजमध्ये Win + Shift + S दाबलं की हवा तेवढा भाग ओढून घेता येतो, आणि विंडोज 11 च्या Snipping Tool मध्ये आता सरळ बाण आणि चौकोन मिळतात. आमच्या काट्यावरच्या जुन्या मशीनवर ते नाहीत, तिथे मुलं फोटो घेऊन Paint मध्ये पेस्ट करतात, Paint मध्ये बाणाचे आकार आहेतच. माऊसने हाताने काढलेला बाण वाकडातिकडा येतो, त्याचं टोक नक्की कोणत्या सेलवर आहे तेच कळत नाही, एक्सेलच्या बारीक ओळींत तर अजिबातच नाही. टोक सेलच्या कडेपाशी येऊन थांबलं पाहिजे, आत शिरलं नाही पाहिजे. तो हिरवा त्रिकोण केवढासा असतो, जाड बाणाचं टोक कोपऱ्यावर आलं की गेला तो. आणि बाणाची शेपटी कुठून येते हेही बघावं. B7 ला उजवीकडून बाण आणला तर तो E, D, C वरून चालत येणार आणि त्या ओळीचं वजन, भाव, रक्कम सगळं झाकणार. खालच्या रिकाम्या ओळींतून वर आणला तर काहीच झाकत नाही, आणि शेपटीजवळच्या रिकाम्या जागेत लिहिताही येतं.

काय लिहायचं? "एरर" नाही लिहायचं, ते दिसतंच. लिहायचं ते असं, "इथे शेतकऱ्याचं नाव यायला पाहिजे, सकाळपर्यंत येत होतं, ओळ 7 पासून बंद". काय हवं होतं, काय आलं, आणि कधीपासून. तिसरी गोष्ट चित्रात कधीच दिसत नाही म्हणून ती शब्दांत लागतेच. पारोळ्याच्या मुलाने "ओळ 7 पासून पेस्ट केलंय" एवढं लिहिलं असतं तर मी फोटो न बघतासुद्धा ओळखलं असतं.

हायलाईटचं प्रकरण वेगळं. पिवळा हायलाईटर सगळ्यांना आवडतो, वाचायचा मजकूर उठून दिसतो, पण आमच्या शीटमध्ये ज्यांचं पेमेंट बाकी आहे त्या ओळी आधीच पिवळ्या भरलेल्या असतात. अमळनेरहून एकदा फोटो आला, चार ओळी पिवळ्या, आणि मला कळेना की ह्यातलं शीटमधलं पिवळं कोणतं आणि ह्याने फोटोवर ओढलेलं कोणतं. खूण अशा रंगाने करावी जो चित्रात कुठेच नाही. शीटमध्ये पिवळं आणि लाल आहे तर जांभळा किंवा निळा घ्या. आणि नुसत्या रंगावर सोडू नये, कारण लाल-हिरव्यातला फरक काही पुरुषांना जन्मापासून नीट दिसत नाही, "लाल गोलवालं बरोबर, हिरवं चूक" म्हटलं की त्यांची पंचाईत होते. एक चौकोन, एक गोल, असा आकारात फरक ठेवला की झालं.

मग व्हॉट्सअ‍ॅप. पूर्ण मोठ्या स्क्रीनचा फोटो घेऊन पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि बारीक आकडे फाटल्यासारखे दिसतात, 3 आणि 8 मधला फरक जातो. हिशोबात हे चालत नाही. 2023 पासून पाठवताना HD निवडता येतं, त्याने फरक पडतो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाईल जशीच्या तशी जाते. पण खरा उपाय त्याच्या आधीचा आहे. फोटो काढण्यापूर्वीच एक्सेलची खिडकी अरुंद करा, कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवा आणि शीट मोठी करून घ्या, लागणारे कॉलम तेवढेच बसतील अशी. फोटो नंतर ताणला तर अक्षर फक्त धुरकट होतं, शीट आधी मोठी केली तर अक्षर खरंच मोठं येतं. समोरचा माणूस मोबाईलवरच बघणार आहे, बसमध्ये उभा राहून बघत असेल, हे धरूनच चालायचं. आणि मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढायचा नाही, त्यात त्या रंगीत लाटा येतात आणि वर ट्यूबलाईटची चमक, हिरवा त्रिकोण त्यात दिसणं शक्यच नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. Master शीटचा फोटो पाठवताना त्यात शेतकऱ्यांचे खाते नंबर असतात. हे लोकांचे पैशाचे नंबर आहेत, त्यांनी विश्वासाने दिलेले, ते ग्रुपवर फिरता कामा नयेत. मुलं काय करतात, मोबाईलच्या एडिटरमध्ये काळा रंग घेतात आणि त्या नंबरवर दोन-तीन वेळा फिरवतात. पण हातात आलेलं पेन हायलाईटरचं असेल तर तो रंग पारदर्शक असतो. डोळ्याला पूर्ण काळं दिसतं, पण तोच फोटो कोणी घेऊन ब्राइटनेस आणि एक्सपोजर पूर्ण वर नेलं की खालचे आकडे हळूहळू उगवतात. मी ऑफिसात सगळ्यांसमोर करून दाखवलंय, तेव्हा कुठे त्यांना पटलं. ब्लर किंवा चौकटी-चौकटी करणंही भरवशाचं नाही, आकडे दहाच असतात, कोणता आकडा ब्लर झाल्यावर कसा दिसतो हे जुळवून बघता येतं. पूर्ण भरलेला चौकोन टाकायचा, एकाच रंगाचा, आरपार नसलेला. वर्डमध्ये फोटो चिकटवून त्यावर काळा चौकोन ठेवला तर तेही झाकणं नव्हे, फाईल उघडणारा तो चौकोन माऊसने बाजूला सरकवू शकतो. आणि वर्डमध्ये क्रॉप केलेला भागसुद्धा फाईलमध्ये तसाच राहतो, Compress Pictures मध्ये जाऊन कापलेला भाग मुद्दाम काढून टाकावा लागतो.

कापण्याबद्दल 2023 मध्ये एक मोठी गोष्ट उघडकीला आली होती. गुगलच्या पिक्सेल फोनमधलं मार्कअप आणि विंडोज 11 चं Snipping Tool, दोन्हींत एक खोट सापडली. फोटो क्रॉप करून त्याच नावाने परत सेव्ह केला की नवा छोटा फोटो जुन्या फाईलवर लिहिला जायचा, पण जुन्या फाईलचं उरलेलं शेपूट मागे तसंच राहायचं, आणि त्यातून कापलेल्या भागातलं बरंचसं परत मिळवता यायचं. संशोधकांनी तिला aCropalypse असं नाव दिलं. दोन्ही कंपन्यांनी अपडेट देऊन ते दुरुस्त केलं, पण त्याआधी पाठवलेल्या फाईली काही दुरुस्त झाल्या नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून गेला असेल तर तो नव्याने बनतो, त्यात ते शेपूट राहत नाही, डॉक्युमेंट किंवा ईमेलने गेला असेल तर जसाच्या तसा जातो. म्हणजे ज्या रस्त्याने आकडे स्वच्छ जातात त्याच रस्त्याने नको ते सुद्धा जातं. म्हणून मी सरळ नियमच केलाय. झाकायचं असेल तर फोटोवर नाही, शीटमध्येच खाते नंबरचा कॉलम आधी Hide करायचा आणि मग फोटो काढायचा. जे स्क्रीनवर नाहीच ते फोटोत येणार कसं.

माझी भाची इथेच कॉलेजला आहे, पायथन शिकते, ती सरांना एररचे फोटो पाठवते. तिथेही तीच गोष्ट, फक्त जागा वेगळी. पायथनचा एरर लांबलचक येतो आणि मुलं सगळ्यात वरची ओळ हायलाईट करतात, `Traceback (most recent call last)`, कारण ती पहिली दिसते. पण ती जवळजवळ प्रत्येक वेळी येते, तिच्यात काही नसतं. खरं कारण सगळ्यात खालच्या ओळीत, `NameError` का `TypeError` ते, आणि कोणत्या लाईनवर अडलं तो नंबर तिच्या थोडा वर. मी तिला सांगितलं, शेवटची ओळ हायलाईट कर, आणि कोडमधली ती लाईन त्याच फोटोत घे. आणि कोड मेसेजमध्ये टेक्स्ट म्हणून वेगळा टाक, कारण सर फोटोतला कोड कॉपी करून चालवून बघू शकत नाहीत, आणि एका वर्गात एवढी पोरं असताना त्यांनी तो परत टाईप करत बसावा ही अपेक्षा बरी नाही. फोटो कुठे बघायचं ते सांगायला, टेक्स्ट करून बघायला. सरांना पाठवताना वर "सर, नमस्कार", कोणता प्रश्न, आणि स्वतः काय करून बघितलं हेही ती आता लिहिते, आणि सरांचं उत्तर पहिल्या मेसेजलाच येतं.

अर्थात फोटोत जे दिसतच नाही त्याला बाण काय करणार. धरणगावला असंच झालं. तिथेही #N/A, फोटो अगदी व्यवस्थित, B12 वर क्लिक केलेलं, फॉर्म्युला दिसतोय, A कॉलम आहे, बाण बरोबर. पण हिरवा त्रिकोण नाही. कोड डावीकडे चिकटलेला, एवढंच. कोणी हाताने लेफ्ट अलाइन केलं असेल तरी तसंच दिसतं, त्यामुळे नुसत्या फोटोवरून सांगणं अवघड. अशा वेळी परत परत मोठे फोटो मागण्यात अर्थ नसतो. मी त्या मुलाला म्हटलं, दोन रिकाम्या सेलमध्ये हे टाक आणि तेवढं दिसेल असा फोटो पाठव:

```
=ISNUMBER(A12)
=LEN(A12)
```

त्याने पाठवलं, ह्या वेळी बाणसुद्धा न लावता. एकात FALSE, म्हणजे एक्सेलच्या लेखी हा नंबर नाही, आणि दुसऱ्यात 5, म्हणजे अक्षरांची लांबी. कोड चार आकड्यांचा, लांबी पाच, म्हणजे कुठेतरी एक न दिसणारं अक्षर चिकटलंय. त्याने ती यादी ब्राउझरमधून कॉपी केली होती, आणि वेबपेजवरून एक वेगळीच स्पेस येते, जी स्पेस काढणाऱ्या TRIM ने जात नाही आणि जिच्यामुळे एक्सेलला तो नंबर वाटतच नाही, म्हणून त्रिकोणही नाही. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाकायला सांगितलं, ह्यातलं CHAR(160) म्हणजे तीच स्पेस:

```
=VALUE(SUBSTITUTE(A12,CHAR(160),""))
```

खाली ओढून, ते आकडे Paste Values ने परत A मध्ये ठेवले, आणि नावं आली. नंतर त्याने स्वतःहून एक फोटो पाठवला, A12 भोवती निळा चौकोन आणि शेजारी लिहिलेलं, "ताई, आता उजवीकडे गेलं".